सिरियस ब्लॅकला का जावं लागलं?

प्रिय चिनू,

हॅरी पॉटरची सातही पुस्तकं संपवलीस, तरी तुझं भांडण पाचव्या पुस्तकाशीच चाललंय, हे तुझ्या भल्यामोठ्या मेसेजवरून कळलं. आईचाही फोन येऊन गेला. 'कुठल्याशा सिरियसवरून हा घरात सगळ्यांशी हुज्जत घालतोय, तूच काय ते समजाव,' म्हणाली. म्हणून हे पत्र. वाचून झालं की तिलाही दे. तिला संदर्भ लागावा म्हणून तुला पाठ असलेल्या काही गोष्टी मी पुन्हा सांगणार आहे, तेवढं चालवून घे.

आई, हा सिरियस ब्लॅक म्हणजे हॅरीचा गॉडफादर. हॅरीच्या आईवडिलांनी आपलं पोर ज्याच्या ओटीत घातलं होतं, तो त्यांचा जिवलग मित्र. हॅरी वर्षाचा असताना ते दोघं मारले गेले आणि त्यांच्याशी फितुरी केल्याचा आळ सिरियसवर आला. खटला न चालवताच त्याला अझ्काबानच्या तुरुंगात टाकलं. बारा वर्षांनी तो पळाला. तिसऱ्या पुस्तकात तो आधी खुनी म्हणून आपल्यासमोर येतो, मग निर्दोष म्हणून कळतो, आणि मावशीच्या घरी दुस्वासात वाढलेल्या हॅरीला विचारतो, माझ्याकडे राहायला येतोस का? हॅरी तत्काळ हो म्हणतो. पण त्याच रात्री खरा गुन्हेगार निसटतो, सिरियसला पुन्हा पळावं लागतं आणि ते घर होता होता राहतं. दोन पुस्तकांनंतर, म्हणजे 2003च्या जूनमध्ये आलेल्या 'ऑर्डर ऑफ द फीनिक्स'मध्ये, लेखिका जे. के. रोलिंग त्याला मारून टाकते.

तुझे आक्षेप तीन. एक, तो एका फालतू गैरसमजापायी मेला. दोन, त्याला धड मरणही आलं नाही. पडद्याआड पडला आणि संपलं, मृतदेहसुद्धा नाही. आणि तीन, रोलिंगला वाचवायचं असतं तर वाचवता आलं असतं, कारण त्याच पुस्तकात आर्थर वीज्लीला तिने वाचवलंच की. तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण इतर दोन्हींची उत्तरं त्याच्यातून निघतात.

आर्थरबद्दल तू म्हणतोस त्याहून जास्त खरं आहे. पाचव्या पुस्तकात आर्थर मरणार, असंच रोलिंगच्या मनात आधी होतं. शेवटचं पुस्तक आल्यावर 2007मध्ये तिने मुलाखतीत हे सांगून टाकलं. म्हणजे कोणाला ठेवायचं आणि कोणाला न्यायचं, हे तिच्या हातात होतं आणि तिने मन बदललंही. तेव्हा 'कथेची गरज होती' एवढ्यावर मी तुझी बोळवण करणार नाही. पण आर्थर वाचल्याने पुढे काय झालं ते बघ. डिसेंबरातल्या एका रात्री हॅरीला स्वप्न पडतं, त्यात एक नागीण आर्थरला चावत असते. हॅरी ओरडत उठतो, मोठ्यांना सांगतो, माणसं धावतात आणि आर्थरचा जीव वाचतो. सगळे हॅरीचे उपकार मानतात. पण हॅरी त्या रात्री एक गोष्ट कायमची शिकतो: मला जे दिसतं ते खरं असतं, आणि मी धावलो तर माणूस वाचतो.

नेमका हाच धडा व्हॉल्डेमॉर्ट त्याच्यावर उलटवतो. जूनमध्ये, परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर लिहिता लिहिता हॅरीची शुद्ध हरपते आणि त्याला दिसतं की मंत्रालयाच्या तळघरात सिरियसचा छळ चालला आहे. हे चित्र खोटं आहे, मुद्दाम त्याच्या डोक्यात घातलेलं. हर्मायनी त्याला सांगून बघते की हा सापळा असेल, लोकांना वाचवायला धावत सुटायची तुझी सवय त्याला ठाऊक असेल. हॅरी ऐकत नाही. का ऐकावं? मागच्या वेळी त्याने वाट पाहिली असती तर आर्थर मेला असता. आर्थर जगला म्हणून हॅरीने दुसऱ्या स्वप्नावर विश्वास ठेवला, आणि त्या विश्वासापायी सिरियस गेला. एकाचं वाचणं आणि दुसऱ्याचं मरणं ही त्या पुस्तकात जोडगोळी आहे. आर्थर मेला असता तर हॅरी दुसऱ्या वेळी जास्त भ्यायला असता, हे खरं. पण आपण वाचवू शकतो ही खात्री त्याच्याकडे नसती. सापळ्याला तीच लागत होती.

आता 'फालतू गैरसमज'. सिरियसच्या मरणाची कारणं मी एकदा कागदावर ओळीने मांडून पाहिली होती. तूही करून बघ. प्रत्येक कारणाशी एक माणूस उभा आहे आणि प्रत्येक माणूस आपल्या स्वभावाप्रमाणेच वागला आहे.

सर्वांत आधी ते घर, बारा नंबर ग्रिमॉल्ड प्लेस. सिरियस ज्या घरातून सोळाव्या वर्षी पळाला, तिथेच त्याला लपून बसावं लागतं. बाहेर मंत्रालय त्याच्या मागावर, शिवाय तो काळ्या कुत्र्याचं रूप घेतो हे शत्रूलाही कळलेलं. ऐन विशीत तुरुंगात गेलेला आणि तिथेच तारुण्य संपलेला हा माणूस भिंतीवरच्या आईच्या तसबिरीच्या शिव्या ऐकत दिवस काढतो. त्या घरात क्रीचर आहे, पिढ्यान्‌पिढ्या त्या घराण्याच्या सेवेला बांधलेला म्हातारा हाउस-एल्फ. सिरियसला तो नकोसा आहे, कारण त्या घरातलं जे जे त्याला नकोसं होतं ते सगळं क्रीचरने जपून ठेवलं आहे. ख्रिसमसच्या सुमारास सिरियस वैतागून त्याच्यावर ओरडतो, 'चालता हो!' एल्फाला मालकाचा हुकूम मोडता येत नाही, पण हुकुमाचा सोयीचा अर्थ लावता येतो. तो खरंच घराबाहेर पडतो आणि ब्लॅक घराण्यातल्या नार्सिसा मॅल्फॉयकडे जातो. संघटनेची गुपितं सांगायची त्याला बंदी आहे. म्हणून तो फक्त एवढंच सांगतो की सिरियसला जगात सगळ्यांत जास्त माया हॅरीची आहे, आणि हॅरीला सिरियस बापासारखा आणि भावासारखा वाटतो. व्हॉल्डेमॉर्टला तेवढं पुरतं.

मग स्नेप. त्याने हॅरीला मनाचं दार बंद ठेवायला शिकवायचं होतं. हॅरी सराव टाळतो, कारण त्या स्वप्नांत पुढे काय आहे ते त्याला बघायचं असतं. एक दिवस तो स्नेपच्या शाळकरी दिवसांची एक अपमानास्पद आठवण चोरून बघतो, स्नेप त्याला हाकलून देतो आणि शिकवणी तिथेच थांबते. मग डंबलडोर. त्याला ठाऊक होतं की हॅरीला मंत्रालयाकडे ओढण्याचा प्रयत्न होईल, कारण तिथे ठेवलेली भविष्यवाणी जागेवरून उचलणं फक्त ती ज्यांच्याबद्दल होती त्यांनाच शक्य होतं. पण पोराचं वय लहान, त्याच्यावर हे ओझं नको, म्हणून तो वर्षभर गप्प राहिला. शेवटी हॅरीसमोर बसून हा दोष तो स्वतःच पदरात घेतो.

आणि तो आरसा. सुट्टी संपवून हॅरी शाळेत परत निघतो तेव्हा सिरियस त्याच्या हातात एक पुडकं देतो. आत जोडीचा आरसा आहे, एक याच्याकडे आणि एक त्याच्याकडे. नाव घेतलं की समोरचा दिसतो. हॅरीने तो कधी उघडलाच नाही, यावर तुझा सगळ्यांत जास्त संताप आहे. पण का उघडला नाही ते पुन्हा वाच. आपण बोलावलं की सिरियस जिवाची पर्वा न करता बाहेर पडेल, अशी हॅरीला धास्ती होती. आपल्यामुळे तो धोक्यात यायला नको, म्हणून त्याने ते पुडकं ट्रंकेच्या तळाशी ढकललं. ज्या दिवशी खरी गरज होती त्या दिवशी त्याला ते आठवलंही नाही. त्याऐवजी तो अंब्रिजच्या खोलीतल्या शेकोटीतून ग्रिमॉल्ड प्लेसला डोकावला. तिथे भेटला क्रीचर. त्याने हिप्पोग्रिफला मुद्दाम जखमी करून सिरियसला वरच्या मजल्यावर गुंतवून ठेवलं होतं. मालक मंत्रालयात गेलेत, असं तो खुशाल सांगतो.

ही यादी वाचल्यावर 'फालतू' हा शब्द टिकतो का? काळजीपोटी न उघडलेला आरसा, मायेपोटी न सांगितलेलं सत्य, जुन्या अपमानापोटी बंद पडलेली शिकवणी, वैतागून म्हटलेला एक शब्द. दुष्टपणाने वागले ते व्हॉल्डेमॉर्ट आणि त्याची माणसं. पण त्यांना वाट करून दिली ती आपल्या आवडत्या माणसांनी. आणि सिरियसनेही. त्या रात्री तू घरीच थांब, असं स्नेपने त्याला सांगितलं होतं. हॅरी संकटात आहे हे कळल्यावर सिरियस घरी थांबला असता, तर तो सिरियस राहिला नसता.

मरण्याच्या क्षणीही तो तसाच आहे. मामेबहीण बेलाट्रिक्सशी लढताना तो हसतोय, तिला डिवचतोय. तिचा दुसरा वार छातीवर बसतो तेव्हा चेहऱ्यावरचं हसू पुरतं मावळलेलंही नसतं. मागे दगडी चौथऱ्यावर एक जुनी कमान आहे, तिला फाटका काळा पडदा लटकतोय. तो त्यात मागे कोसळतो. हॅरीला वाटतं, आता पलीकडून बाहेर येईल. ल्युपिन त्याला धरून ठेवतो आणि सांगतो की तो आता येणार नाही.

इथे तुझा दुसरा आक्षेप येतो. मृतदेह नाही, शेवटचे शब्द नाहीत, निरोप नाही. माझ्या मते हे रोलिंगने पूर्ण जाणूनबुजून केलं आहे, कारण पुढची अडीच-तीन प्रकरणं ती फक्त याच पोकळीबद्दल लिहिते. हॅरी डंबलडोरच्या खोलीतल्या वस्तू फोडतो. आरसा सापडतो तेव्हा त्यात सिरियसला हाका मारतो, आणि स्वतःचाच चेहरा दिसतो म्हणून तोही फोडतो. मग त्याला सुचतं की शाळेत भुतं आहेत, म्हणजे सिरियसही भूत होऊन येऊ शकेल. शाळेचं भूत निक त्याला नरमाईने सांगतो की भूत होणं हा मरणाला घाबरलेल्यांचा मार्ग आहे, सिरियस तसा नव्हता, तो पुढे गेला असेल. जादूच्या जगात जेवढे चोरदरवाजे असतील तेवढे हॅरी ठोठावतो आणि लेखिका ते एकेक करून बंद करत जाते. मृतदेह असता, अंत्यविधी असता, तर हॅरीला आणि आपल्याला कुठेतरी थांबता आलं असतं. शेवटी त्याला थोडा धीर येतो तो लूनाशी बोलल्यावर. तिने नवव्या वर्षी आई गमावलेली, आणि पडद्यामागचे आवाज त्याच्यासारखेच तिनेही ऐकलेले.

या पोकळीला लेखिकेच्या आयुष्यातही मूळ आहे. 1990मध्ये मँचेस्टरहून लंडनला जाणाऱ्या गाडीत रोलिंगला हॅरीची कल्पना सुचली. त्याच वर्षाच्या 30 डिसेंबरला तिची आई मल्टिपल स्क्लेरोसिसने गेली, अवघी 45 वर्षांची होती. आपण असं काही लिहितोय हे तिने आईला सांगितलंही नव्हतं. त्यानंतर हॅरीचं पोरकेपण पुस्तकात खूप खोल गेलं, असं ती सांगत आली आहे. आणि 2003च्या एका टीव्ही मुलाखतीत तिने सांगितलं होतं की पाचव्या पुस्तकातला मृत्यू लिहून झाल्यावर ती रडत स्वयंपाकघरात गेली. नवरा म्हणाला, मग नको मारूस. तिचं उत्तर होतं, तसं चालत नाही.

का चालत नाही, याची एक साधी चाचणी आहे आणि ती कुठल्याही पुस्तकाला लावता येते. तो मृत्यू कथेतून काढून टाक आणि पुढे काय काय कोसळतं ते बघ. काहीच कोसळलं नाही, तर लेखकाने नुसतं आपल्याला रडवण्यासाठी माणूस मारला.

समज, सिरियस वाचला. त्याच रात्री खुद्द मंत्र्याने व्हॉल्डेमॉर्टला डोळ्यांनी पाहिलं आहे आणि मृत्यूनंतर लगेच सिरियसच्या नावावरचा कलंकही पुसला गेला आहे. म्हणजे जिवंत सिरियस आता मोकळा माणूस असता. घर आहे, घराण्याचा पैसा आहे, भीती ठाऊक नाही. सातव्या पुस्तकात तीन पोरं तंबू घेऊन रानोमाळ भटकतात, त्यांना त्याने एकटं जाऊ दिलं असतं का? कधीच नाही. तो पुढे चालला असता आणि हॅरी मागे. आणि शेवटी हॅरी ज्या रात्री स्वतःच्या पायाने मरायला जंगलात जातो, त्या रात्री सिरियसने त्याला बांधून ठेवलं असतं. घरचं मायेचं मोठं माणूस जिवंत असताना सतरा वर्षांच्या पोराला तो निर्णय घेताच आला नसता. त्या जंगलात हॅरीबरोबर आई, वडील, सिरियस आणि ल्युपिन असतात, पण चौघंही मेलेले. ते सोबत करू शकतात, थांबवू शकत नाहीत. मरताना दुखतं का, असं हॅरी विचारतो तेव्हा त्या चौघांतून उत्तर देतो तो सिरियस.

दुसरं कोसळतं ते मंत्रालयातच. बेलाट्रिक्सच्या मागे हॅरी धावत जातो, मग व्हॉल्डेमॉर्ट येतो, डंबलडोर येतो आणि व्हॉल्डेमॉर्ट हॅरीच्या शरीरात शिरतो. वेदना इतकी की हॅरीला मरण हवंसं वाटतं. मेलो तर सिरियस भेटेल, असं त्याच्या मनात येतं आणि मन मायेने भरून जातं. त्याच क्षणी व्हॉल्डेमॉर्टची पकड सुटते. त्याला ती भावना सोसवत नाही. शिकवणीने जे जमलं नव्हतं ते दुःखाने केलं. माया हीच हॅरीची ताकद, हे पुस्तकात कितीदा सांगितलं जातं, पण ती ताकद प्रत्यक्ष काम करताना इथे दिसते. सिरियस नसण्यातूनच ती आली आहे.

तिसरं म्हणजे क्रीचर. सिरियसच्या मृत्यूपत्राने घर आणि क्रीचर दोन्ही हॅरीकडे येतात. हॅरी त्याचा द्वेष करतो आणि त्याला तो हक्क आहे. पण सातव्या पुस्तकात क्रीचर स्वतःची हकिकत सांगतो. सिरियसच्या धाकट्या भावावर, रेग्युलसवर, त्याचा किती जीव होता ते कळतं. हॅरी त्याला रेग्युलसचं लॉकेट देतो, त्याच्याशी नीट बोलतो आणि तो म्हातारा पार बदलतो. शेवटच्या लढाईत शाळेतल्या एल्फांना घेऊन तोच धावून येतो. सिरियसने जे केलं नाही ते हॅरीने केलं. सिरियसच्या चुकीची किंमत एवढी मोठी नसती, तर हॅरीच्या सुधारण्याला वजन आलं नसतं.

आणि आरशाचा एक तुकडा हॅरी जपून ठेवतो. सातव्या पुस्तकात त्याच तुकड्यातून एक निळा डोळा दिसतो आणि हॅरीने मदत मागितल्यावर डॉबी तळघरात येऊन उभा राहतो. 2007च्या सिनेमात हा आरसा गाळला, क्रीचरचं ते खोटं बोलणंही गाळलं. त्यामुळे पडद्यावर सिरियस एका चकमकीत मेला एवढंच उरलं, आणि 2010च्या सिनेमात हॅरीच्या हातात आरशाचा तुकडा कुठून आला हे पुस्तक न वाचलेल्यांना कळेना. सिनेमा बघून 'फालतू' म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही. पुस्तक वाचलेल्या तुझ्याशी मात्र भांडेन.

आता तुला एक सवलत देते. सगळे मृत्यू या चाचणीत उतरत नाहीत. आर्थरला वाचवल्यावर रोलिंगने ल्युपिनला न्यायचं ठरवलं, हे तिनेच 2016मध्ये सांगितलं. त्या वर्षी लढाईच्या स्मरणदिनी, म्हणजे 2 मेला, तिने ल्युपिनबद्दल वाचकांची माफी मागितली. त्याच्या आदल्या वर्षी फ्रेडबद्दल मागितली होती. ल्युपिनचं तान्हं बाळ पोरकं व्हावं, हॅरीच्या सुरुवातीचा पडसाद शेवटी उमटावा, असा तिचा हेतू होता. हेतू समजतो. पण ल्युपिन आणि टाँक्स आपल्या नजरेआड मरतात, दिसतात ते थेट जमिनीवर शेजारी शेजारी पडलेले. कोणाच्या स्वभावातून, कोणाच्या चुकीतून ते मरण आलं, याचा धागा मला पुस्तकात सापडत नाही. जंगलात ल्युपिन बरोबर असतो एवढं सोडलं, तर त्याच्या जाण्यावाचून पुढचं फारसं काही अडत नाही.

तेव्हा भांडायचंच असेल तर ल्युपिनसाठी भांड. त्यात मी तुझ्या बाजूने आहे. पुढच्या मेसेजमध्ये चाचणी लावून मला दाखव की तोही मृत्यू काढला तर काहीतरी कोसळतं. जमलं, तर मी हार मानेन. आणि आईशी हुज्जत घालणं थांबव, तिने अजून पहिलं पुस्तकही वाचलेलं नाही.

तुझी,
ताई